अत्तहियात आणि दरूद: नमाजच्या शेवटच्या बैठकीबद्दल नेहमी येणारे प्रश्न

कुर्ल्यात रविवारी सकाळी मी मोठ्या माणसांना नमाज शिकवतो. लहानपणी पाठ केलेलं पुन्हा तपासून घ्यायला येणारेच त्यात जास्त. बहुतेकांचं शिक्षण मराठी शाळेतलं, अरबी लिपी वाचता येत नाही किंवा अडखळत येते. निम्मे कोकणी, म्हणजे शाफई. बाकीचे हनफी. त्यामुळे सर्वाधिक गोंधळ होतो तो बैठकीत, कारण दोघांची अत्तहियात वेगळी, बसण्याची पद्धत वेगळी आणि बोट उचलायची जागाही वेगळी. फोनवर आणि वर्गात तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवली आहेत.

१. शेवटच्या बैठकीत नक्की काय काय वाचायचं, आणि कोणत्या क्रमाने?

आधी अत्तहियात, ज्याला किताबांत तशह्हुद म्हणतात. मग दरूद, मग दुआ, मग उजवीकडे आणि डावीकडे सलाम. दोन रकातींची नमाज असेल तर बैठक एकच आणि तीच शेवटची. तीन किंवा चार रकातींची असेल तर दुसऱ्या रकातीनंतर पहिली बैठक येते. तिच्यात हनफी माणूस अत्तहियात संपली की लगेच उठतो. शाफई माणूस छोटा दरूद वाचून उठतो (प्रश्न ८).

हे सगळं मनातल्या मनात नव्हे, ओठ हलवून, फक्त स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात. जीभ न हलवता नुसता विचार केला तर ते वाचन धरलं जात नाही.

२. माझ्या आईने शिकवलेल्या अत्तहियातमध्ये ‘मुबारकातु’ आहे. मशिदीतले मौलाना म्हणतात असा शब्द नाहीच. बरोबर कोण?

दोघंही. वर्गात सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे. बहुतेक वेळा तो कोकणातून मुंबईत आलेला मुलगा विचारतो, किंवा हनफी घरात लग्न होऊन गेलेली मुलगी.

हनफी घरांत शिकवतात ती अत्तहियात अशी:

अत्तहिय्यातु लिल्लाहि वस्सलवातु वत्तय्यिबातु, अस्सलामु अलैक अय्युहन्नबिय्यु व रहमतुल्लाहि व बरकातुहू, अस्सलामु अलैना व अला इबादिल्लाहिस्सालिहीन, अश्हदु अल्ला इलाह इल्लल्लाहु व अश्हदु अन्न मुहम्मदन अब्दुहू व रसूलुहू.

आणि शाफई घरांत:

अत्तहिय्यातुल मुबारकातुस्सलवातुत्तय्यिबातु लिल्लाहि, अस्सलामु अलैक अय्युहन्नबिय्यु व रहमतुल्लाहि व बरकातुहू, अस्सलामु अलैना व अला इबादिल्लाहिस्सालिहीन, अश्हदु अल्ला इलाह इल्लल्लाहु व अश्हदु अन्न मुहम्मदर्रसूलुल्लाह.

मधला सलामाचा भाग शब्दाला शब्द एकच आहे. फरक सुरुवातीला आणि अगदी शेवटी. पहिलीत ‘लिल्लाहि’ लगेच येतं आणि ‘व’ जोडत यादी पुढे जाते. दुसरीत ‘मुबारकातु’ हा जास्तीचा शब्द आहे, मध्ये ‘व’ नाही आणि ‘लिल्लाहि’ यादीच्या शेवटी येतं. शेवटी पहिलीत पैगंबरांना ‘अल्लाहचे बंदे आणि रसूल’ म्हटलं आहे, दुसरीत ‘अल्लाहचे रसूल’.

पहिली अब्दुल्लाह इब्न मसऊद यांच्याकडून आली. माझा तळवा पैगंबरांच्या (स.) दोन तळव्यांमध्ये होता आणि कुराणातली सूरा शिकवावी तशी त्यांनी मला ही शिकवली, असं ते सांगत. ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. दुसरी अब्दुल्लाह इब्न अब्बास यांच्याकडून आली आणि मुस्लिममध्ये आहे. तीसुद्धा ‘कुराणातल्या सूरेसारखी’ शिकवली गेली, असंच तेही सांगतात.

आता एकाने ही आणि दुसऱ्याने ती का धरली, तर त्यामागे दोन शहरं आहेत. इब्न मसऊद कूफ्यात शिकवत. इमाम अबू हनीफा कूफ्याचेच, तिथल्याच परंपरेत घडलेले. इब्न अब्बास यांचे शागीर्द मक्केत होते आणि इमाम शाफई लहानाचे मोठे झाले ते मक्केत. शिवाय शाफई बाजू कुराणातल्या सूरा नूरच्या ६१व्या आयतीकडे बोट दाखवते. तिथे सलामाचं वर्णन ‘तहिय्यतन... मुबारकतन तय्यिबह’ असं आहे, म्हणजे तहिय्या, मुबारक आणि तय्यिब हे तिन्ही शब्द एकाच ओळीत आहेत. पुढे अरबी समुद्रावरच्या व्यापाराबरोबर शाफई पंथ कोकण किनाऱ्याला लागला आणि उत्तरेकडून जमिनीच्या वाटेने हनफी पंथ आला. मुंबईत ते दोन्ही एकाच चाळीत राहायला लागले.

दोन्ही पंथांच्या विद्वानांनी दुसऱ्याची अत्तहियात वैध मानली आहे. वाद आहे तो अधिक चांगली कोणती एवढाच. तेव्हा आईने शिकवलेली बदलायचं कारण नाही. फक्त दोन्हींची अर्धी अर्धी मिसळ करू नका. जी पाठ आहे ती पूर्ण म्हणा.

३. अर्थ काय? पाठ आहे, पण कधी कुणी सांगितला नाही.

‘तहिय्या’ म्हणजे मानवंदना, आदराचं अभिवादन. ‘सलवात’ म्हणजे नमाज आणि प्रार्थना. ‘तय्यिबात’ म्हणजे चांगलं ते सगळं, शब्दही आणि कृतीही. हे सगळं अल्लाहसाठी. मग तीन सलाम येतात. पहिला पैगंबरांवर, अल्लाहच्या रहमतीसह आणि बरकतींसह. दुसरा ‘आमच्यावर’. तिसरा अल्लाहच्या सर्व नेक बंद्यांवर. आणि शेवटी शहादत: अल्लाहशिवाय कोणी माबूद नाही, आणि मुहम्मद त्याचे रसूल आहेत.

या सलामांमागे एक प्रसंग आहे. सुरुवातीला सहाबी बैठकीत ‘अल्लाहवर सलाम, जिब्रीलवर सलाम, मीकाईलवर सलाम, अमक्यावर सलाम’ अशी नावं घेत. पैगंबरांनी (स.) त्यांना थांबवलं. सलाम हे तर अल्लाहचंच नाव आहे, त्याला तुम्ही सलामती काय देणार? त्याऐवजी त्यांनी अत्तहियात शिकवली आणि सांगितलं की ‘इबादिल्लाहिस्सालिहीन’ म्हटलंत की तो सलाम आकाशातल्या आणि जमिनीवरच्या प्रत्येक नेक बंद्याला पोचतो. एकेक नाव घेत बसण्याची गरज एका शब्दाने संपली. वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतले एक निवृत्त पोस्टमन म्हणाले, “म्हणजे पत्ता एकच, पत्रं सगळ्यांना.” यापेक्षा चांगलं मला अजून सुचलेलं नाही.

४. अत्तहियात म्हणजे मेराजच्या रात्रीचा संवाद, असा मेसेज दरवर्षी येतो. खरं आहे का?

पैगंबर ‘अत्तहिय्यातु लिल्लाहि’ म्हणाले, अल्लाहने ‘अस्सलामु अलैक’ असं उत्तर दिलं आणि फरिश्त्यांनी शहादत दिली, असा तो मजकूर असतो. गोष्ट सुंदर आहे, काही जुन्या किताबांतही ती आढळते, पण तिला भरवशाची सनद नाही. अत्तहियात कशी शिकवली गेली याची भक्कम हदीस वर प्रश्न ३ मध्ये आहे, आणि तिच्यात मेराजचा उल्लेख नाही.

५. पैगंबर हयात नाहीत, मग ‘अय्युहन्नबी’ अशी समोरासमोर हाक का?

कारण शब्द तसेच शिकवले गेले. इब्न मसऊद यांच्याच एका रिवायतीत असंही आहे की पैगंबरांच्या वफातीनंतर ‘अस्सलामु अलन्नबी’, म्हणजे ‘नबींवर सलाम’, असं म्हटलं जाई. ही रिवायत बुखारीत आहे आणि काही अहले हदीस बांधव त्यावरून तसं म्हणतात. पण हजरत उमर यांनी वफातीनंतरही मिंबरवरून लोकांना ‘अलैक’ असंच शिकवलं, आणि चारही सुन्नी पंथांत तेच राहिलं. मुंबईच्या बहुतेक मशिदींत तुम्हाला ‘अलैक’च ऐकू येईल. ऐकू येईल म्हणजे शेजारचा जरा मोठ्याने पुटपुटत असला तर.

६. बसायचं कसं? शेजारचा पाय बाहेर काढून बसतो, मी डाव्या पायावर बसतो.

तुम्ही हनफी आहात आणि शेजारचा बहुधा शाफई.

हनफी पुरुष दोन्ही बैठकांत डावा पाय आडवा पसरून त्यावर बसतो आणि उजवा पाय उभा ठेवून बोटं किब्ल्याकडे वळवतो. याला इफ्तिराश म्हणतात. हनफी स्त्रिया दोन्ही पाय उजवीकडे काढून जमिनीवर बसतात. शाफईंमध्ये पहिल्या बैठकीत इफ्तिराश आणि शेवटच्या बैठकीत तवर्रुक. तवर्रुकमध्ये डावा पाय उजव्या नडगीखालून बाहेर काढतात आणि डाव्या कुल्ल्यावर जमिनीला टेकून बसतात. फजरसारख्या दोन रकातींच्या नमाजेत बैठक एकच असली तरी ती शेवटची, म्हणून शाफई तिथेही तवर्रुकच करतो.

शाफईंमध्येही एक अपवाद आहे, तो फार जणांना माहीत नसतो. शेवटच्या बैठकीनंतर सहवचा, म्हणजे विसरून झालेली चूक भरून काढायचा, सज्दा करायचा असेल, किंवा तुम्ही उशिरा आलेले असाल आणि इमामाच्या सलामानंतर उठून उरलेल्या रकाती पुऱ्या करायच्या असतील, तर तवर्रुक नाही, इफ्तिराश. कारण तुमची हालचाल अजून संपलेली नाही आणि डाव्या पायावर बसलेला माणूस चटकन उठू शकतो.

जुम्म्याला रस्त्यापर्यंत सफा गेलेल्या असतात. तेव्हा तवर्रुकचा हट्ट म्हणजे शेजाऱ्याच्या गुडघ्यावर तुमचा तळपाय. बसण्याची पद्धत सुन्नत आहे, शेजाऱ्याला त्रास न देणं त्याहून वर आहे. गुडघे दुखत असतील तर जमेल तसं बसा. खुर्चीवर बसलात तरी वाचायचं तेच आणि हात मांड्यांवरच.

७. बोट कधी उचलायचं आणि कधी खाली घ्यायचं?

हनफी: हात मांडीवर मोकळे. ‘अश्हदु अल्ला’पाशी करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट दुमडायचं, अंगठा आणि मधलं बोट यांचं कडं करायचं. ‘ला इलाह’ला शहादतचं बोट वर, ‘इल्लल्लाह’ला खाली. नकाराला उचलायचं, होकाराला टेकवायचं, असं लक्षात ठेवा.

शाफई: बसल्याबरोबर उजव्या हाताची बोटं मिटायची, शहादतचं बोट मोकळं. ‘इल्लल्लाह’ म्हणताना ते किंचित वर उचलायचं आणि सलाम होईपर्यंत, किंवा पहिल्या बैठकीत उठेपर्यंत, तसंच ठेवायचं. हलवत राहायचं नाही. मालिकी आणि बरेच अहले हदीस बोट हलवतात, त्यांनाही हदीसचा आधार आहे. म्हणजे एक जण ज्या शब्दाला बोट खाली घेतो त्याच शब्दाला दुसरा वर करतो. सफेत बसून आजूबाजूला बघत बसलात तर गोंधळ ठरलेलाच. नजर आपल्या बोटावर ठेवा.

८. दरूद इब्राहीम कुठे वाचायचा, आणि राहून गेला तर नमाज होते का?

दरूद असा:

अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मदिंव्व अला आलि मुहम्मद, कमा सल्लैत अला इब्राहीम व अला आलि इब्राहीम, इन्नक हमीदुम्मजीद. अल्लाहुम्म बारिक अला मुहम्मदिंव्व अला आलि मुहम्मद, कमा बारक्त अला इब्राहीम व अला आलि इब्राहीम, इन्नक हमीदुम्मजीद.

या ठिकाणी दोन पंथांमधला फरक नुसता शब्दांचा राहत नाही, हुकमाचा होतो. हनफींमध्ये शेवटची बैठक अत्तहियात वाचण्याएवढा वेळ करणं फर्ज, अत्तहियात वाचणं वाजिब आणि दरूद सुन्नत. दरूद राहिला तर नमाज होते, सवाब कमी होतो. शाफईंमध्ये शेवटची अत्तहियात रुक्न आहे, तिच्यासाठी बसणं रुक्न आहे आणि त्यानंतर पैगंबरांवर दरूद हाही रुक्न आहे. तो सोडून सलाम फेरला तर नमाज अपुरी. मात्र रुक्न भरायला ‘अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मद’ एवढं पुरतं. आल आणि इब्राहीमचा भाग सुन्नत.

पहिल्या बैठकीत चित्र उलटं. शाफई तिथे पैगंबरांवर छोटा दरूद वाचतो आणि ते सुन्नत आहे. हनफी माणसाने फर्जाच्या पहिल्या बैठकीत चुकून ‘अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मद’पर्यंत वाचलं तर त्याच्यावर सहवचा सज्दा येतो, कारण तिसऱ्या रकातीला उठायला उशीर झाला. दरूद वाचला म्हणून सज्दा कसा, असं लोक विचारतात. सज्दा दरूदमुळे नाही, उशिरामुळे.

९. ‘जसे इब्राहीमवर’ असं का? आणि शेवटी ‘हमीदुम्मजीद’ कुठून आलं?

सूरा अहजाबच्या ५६व्या आयतीत मोमिनांना पैगंबरांवर सलात आणि सलाम पाठवायला सांगितलं आहे. सलाम कसा करायचा ते सहाबींना अत्तहियातमधून माहीत झालेलं होतं. म्हणून त्यांनी विचारलं, सलाम तर कळला, सलात कशी पाठवायची? उत्तर म्हणून हा दरूद शिकवला गेला. काब इब्न उजरा यांची ही हदीस आहे. अत्तहियात आणि दरूद एकामागोमाग का येतात तेही तिच्यातून कळतं: आधी सलाम, मग सलात.

आता इब्राहीम. सूरा हूदमध्ये फरिश्ते इब्राहीमच्या घरी येतात आणि म्हातारपणी मूल होणार असं सांगतात. त्यांच्या बीबी चकित होतात. तेव्हा फरिश्ते म्हणतात, या घरच्या लोकांनो, तुमच्यावर अल्लाहची रहमत आणि त्याच्या बरकती, ‘इन्नहू हमीदुम्मजीद’. ही ७३वी आयत. दरूदचा शेवट तिथलाच आहे, फक्त ‘तो’च्या जागी ‘तू’. त्या घराला मिळालेली बरकत या घरालाही दे, अशी मागणी आहे.

१०. दरूदमध्ये ‘सय्यिदिना’ घालायचं का?

नंतरच्या काळातल्या अनेक शाफई आणि हनफी विद्वानांनी आदर म्हणून ते चांगलं मानलं. हदीसमधल्या शब्दांत ते नाही, म्हणून बाकीचे घालत नाहीत. घातलं किंवा नाही घातलं, नमाजवर परिणाम नाही.

११. दुआ कोणती? मराठीत मागितली तर चालेल?

हदीसमध्ये शेवटच्या बैठकीसाठी चार गोष्टींपासून पनाह मागायला सांगितलं आहे: जहन्नमचा अजाब, कबरीचा अजाब, जगण्या-मरण्याचा फितना आणि दज्जालचा फितना. हजरत अबू बक्र यांनी नमाजेत वाचायला दुआ मागितली तेव्हा त्यांना ‘अल्लाहुम्म इन्नी जलम्तु नफ्सी’ ही शिकवली गेली. आपल्याकडे ‘रब्बिज्अल्नी मुकीमस्सलाति’ पुष्कळांना पाठ असते. ती कुराणातली इब्राहीम यांची दुआ आहे, म्हणजे दरूदमधून बाहेर पडलात तरी त्यांच्याच घरात असता.

मराठीत मात्र नमाजच्या आत नको. हनफींमध्ये अरबीखेरीज दुसऱ्या भाषेत दुआ मकरूह तहरीमी, म्हणजे हरामच्या जवळची, आहे. शाफईंमध्ये ज्याला अरबी येत नाही त्याला हदीसमध्ये आलेल्या दुआचा तरजुमा म्हणता येतो, पण आपल्या मनाने रचलेली दुसऱ्या भाषेतली दुआ नमाज तोडते. सलामानंतर हात उचलून मराठीत, कोकणीत हवं तेवढं मागा. नवीन मुसलमान झालेल्या किंवा अजून अत्तहियात पाठ नसलेल्या माणसाने शिकेपर्यंत काय करायचं हे आपल्या इमामाला विचारावं. प्रत्येकाला किती येतं त्यावर उत्तर बदलतं.

१२. मी शाफई, इमाम हनफी (किंवा उलट). कुठे अडतं?

शब्द ज्याचे त्याचे, कारण वाचन फक्त स्वतःला ऐकू येईल एवढ्याच आवाजात असतं. अडतं ते वेळेत.

शाफई मुक्तदी, म्हणजे इमामाच्या मागे नमाज पढणारा, पहिल्या बैठकीत दरूद सुरू करतो आणि हनफी इमाम उठतो. दरूद सोडा आणि उठा, तिथे तो सुन्नतच आहे. उलट बाजूने, हनफी मुक्तदीची अत्तहियात संपते आणि शाफई इमाम अजून बसलेला असतो. गप्प बसा, काही बिघडत नाही. पण हनफी मुक्तदीची अत्तहियातच अर्धी असताना इमाम उठला, तर ती पुरी करून मग उठायचं.

शेवटच्या बैठकीत इमामाने भरभर सलाम फेरला आणि तुम्ही शाफई असाल, तर अत्तहियात आणि ‘अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मद’ पुरं करून मगच सलाम फेरा. हनफी मुक्तदीने अत्तहियात पुरी करावी. दरूद अर्धा असेल तर सोडून इमामाबरोबर जावं.

१३. मगरिबला उशिरा पोचलो. एका नमाजेत चार वेळा अत्तहियात वाचली. चुकलं का?

नाही, अगदी बरोबर. उदाहरण पूर्ण पाहू. लोकल उशिरा आली. तुम्ही मशिदीत शिरलात तेव्हा इमाम दुसऱ्या रकातीच्या रुकूतून उठलेला होता. तुम्ही तकबीर म्हणून सामील झालात. रुकू चुकला, म्हणून ही रकात तुमची नाही.

इमाम सज्दे करून दुसऱ्या रकातीनंतर बसला, तुम्हीही बसलात: पहिली अत्तहियात. मग तिसरी रकात झाली. इमामाची ती तिसरी, तुमची पहिली. इमाम शेवटचा बसला: दुसरी अत्तहियात. इमामाने दोन्ही सलाम फेरले, तुम्ही उठलात आणि एक रकात पढलात. ती तुमची दुसरी, म्हणून बसलात: तिसरी अत्तहियात. उठून आणखी एक रकात, ती तुमची तिसरी, आणि शेवटची बैठक: चौथी अत्तहियात, दरूद, दुआ, सलाम. तीन रकातींत चार बैठका.

लोक चुकतात ते तिसऱ्या अत्तहियातीपाशी. इमामाच्या सलामानंतर दोन रकाती सलग पढून टाकतात, मधली बैठक विसरतात.

इमामाच्या शेवटच्या बैठकीत, जी तुमची शेवटची नाही, हनफी माणसाने अत्तहियात इतकी सावकाश वाचावी की इमामाच्या सलामाशी ती संपेल. आधीच संपली तर शहादत पुन्हा म्हणावी किंवा गप्प बसावं. शाफई इमामाबरोबर दरूद आणि दुआही वाचतो. आणि एका सलामावर उठू नका. हनफी इमाम सहवचा सज्दा करणार असेल तर आधी एकच सलाम फेरतो. तुम्ही उभे राहिलेले असता आणि तो सज्द्यात गेलेला असतो.

१४. पहिल्या बैठकीला न बसता सरळ उठलो तर?

नीट उभे राहिला असाल तर परत बसू नका, पुढे चला आणि शेवटी सहवचा सज्दा करा. हे दोन्ही पंथांत सारखंच. अजून बसण्याच्या जवळ असाल तर बसून घ्या. इमाम उभा राहिला असेल तर मुक्तदीनेही बसून राहू नये.

सज्द्याची पद्धत मात्र वेगळी. हनफी अत्तहियात वाचून उजवीकडे एक सलाम फेरतो, दोन सज्दे करतो, मग पुन्हा अत्तहियात, दरूद, दुआ आणि दोन्ही सलाम. शाफई अत्तहियात, दरूद, दुआ सगळं संपवून सलामाआधी दोन सज्दे करतो आणि लगेच सलाम फेरतो. पुन्हा अत्तहियात नाही.

शेवटची बैठक विसरून पाचव्या रकातीला उठलात तर आठवताक्षणी परत बसा. हनफींमध्ये पाचवीचा सज्दा होऊन गेला असेल तर फर्ज उरत नाही, नफ्ल होते, आणि फर्ज पुन्हा पढावी लागते.

१५. उच्चारात कुठे चुकतो आम्ही?

देवनागरीतून पाठ करणारे तीन ठिकाणी. ‘अत्तहिय्यातु’मधला ‘ह’ घशातून, काचेवर वाफ सोडताना येतो तसा. ‘सलवात’ आणि ‘सालिहीन’मधला ‘स’ जड, तोंड भरून. ‘सलाम’मधला ‘स’ हलका. आणि ‘अश्हदु अन ला’ असं तोडून म्हणू नका. नून लाममध्ये विरघळतो, ‘अल्ला’ असा दुहेरी लाम होतो. शाफई किताबांत अत्तहियातमधली प्रत्येक शद्दा मोजलेली आहे, म्हणून तिथे ‘य्य’, ‘ल्ल’ नीट दाबून म्हणायचे. देवनागरी फक्त आधाराला. एकदा तरी नीट येणाऱ्या माणसासमोर बसून म्हणून दाखवा.

१६. डोंगरीच्या मुघल मशिदीत शेजारी बसलेल्यांची अत्तहियात फारच लहान वाटली.

ती इस्ना अशरी शियांची मशीद. जाफरी पंथात बैठकीचे शब्द शहादतपासून सुरू होतात: ‘अश्हदु अल्ला इलाह इल्लल्लाहु वहदहू ला शरीक लह, व अश्हदु अन्न मुहम्मदन अब्दुहू व रसूलुह, अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मदिंव्व आलि मुहम्मद.’ पैगंबर आणि त्यांच्या आलवर सलवात दोन्ही बैठकांत वाजिब. ‘अस्सलामु अलैक अय्युहन्नबी’ आणि ‘अस्सलामु अलैना’ त्यांच्याकडेही आहेत, पण शेवटी, सलामाचा भाग म्हणून. तुमच्याकडे अत्तहियातच्या पोटात असलेला सलाम तिथे दाराशी येतो, एवढाच फरक कानाला जाणवतो.